धोतराचं माप कसं काढायचं? लांबी, पन्हा आणि बांधणीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या कापडपेठेत काय किंवा साताऱ्याच्या खणआळीत काय, धोतर मागितलं की दुकानदार उंची विचारतो किंवा एकदा वर-खाली बघतो आणि पाकीट काढून देतो. घरी बांधायला घेतल्यावर मग काष्टा पुरत नाही, नाहीतर सोगा पायात येतो. खालचे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. उत्तरं मुख्यतः काष्ट्याच्या धोतराबद्दल आहेत. लुंगी, सोवळं आणि मुंजीचं धोतर शेवटी घेतलं आहे.

प्रश्न : माप नेमकं कशाचं घ्यायचं? उंची पुरेशी नाही का?

उंचीवरून फक्त पन्हा ठरतो, म्हणजे कापडाची रुंदी. नेसल्यावर हीच रुंदी कमरेपासून घोट्यापर्यंत उभी येते. लांबी ठरते ती अंगाच्या घेरावर आणि बांधायच्या पद्धतीवर. उंच पण सडपातळ माणसाला जास्त लांब धोतर लागत नाही, त्याला मोठा पन्हा लागतो. बुटक्या, पोट सुटलेल्या माणसाचं याच्या बरोबर उलट. या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की पैसे वाया जातात.

टेप घेऊन तीन मापं घ्या.

पहिलं पोटाच्या घेराचं. पँटचा पट्टा जिथे येतो तिथलं नाही, बेंबीच्या पातळीवरचं. धोतर तिथेच किंवा बोटभर खाली बांधलं जातं, आणि बऱ्याच जणांच्या पँटच्या मापात आणि या मापात चार-पाच इंचांचा फरक निघतो. श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावा. धोतर जेवणावळीला नेसायचं असेल तर त्यात ५ सेंटीमीटर मिळवा, हे थट्टेने सांगत नाही.

दुसरं माप काष्ट्याचं. हे सहसा कुणी घेत नाही आणि सगळी फसगत इथेच होते. टेपचं टोक बेंबीवर धरा, टेप दोन्ही पायांमधून सैलसर मागे घ्या आणि पाठीकडे त्याच पातळीपर्यंत वर आणा. मध्यम बांध्याच्या पुरुषाचं हे माप साधारण ८० सेंटीमीटर भरतं.

तिसरं बेंबीपासून घोट्याच्या हाडापर्यंतचं, सरळ उभं राहून, अनवाणी.

प्रश्न : या मापांवरून लांबी कशी काढायची?

एक उदाहरण पूर्ण करू. माणसाची उंची १७० सेंटीमीटर, बेंबीवर घेर ९६, काष्ट्याचं माप ८०.

धोतर पाठीमागून पुढे घेऊन कमरेभोवती एक फेरा होतो, त्यात ९६ सेंटीमीटर गेले. मग दोन्ही बाजूंचे वरचे काठ पुढे ओढून गाठ मारायची. घट्ट बसणाऱ्या गाठीत दोन्हीकडचे मिळून साधारण २४ जातात. इथपर्यंत १२० झाले.

आता डाव्या बाजूचं टोक काष्ट्याला. त्याचा पदर चुणून पायांमधून मागे न्यायचा आणि कमरेत खोचायचा. अंतर ८० असलं तरी ८० कापड पुरत नाही. मांडी घालून बसताना, वाकताना आणि पायरी चढताना कापड मांडीभोवती ओढलं जातं, त्यासाठी साधारण ४० सैल ठेवावे लागतात. मागे खोचायला आणखी १० लागतात. म्हणजे काष्ट्याकडे १३०.

उजवं टोक निऱ्यांना. चार बोटांहून थोडी जास्त, म्हणजे ११ सेंटीमीटर रुंदीची निरी घातली तर जाऊन-येऊन एका निरीला २२ लागतात. सहा निऱ्यांना १३२. गाठीपासून निऱ्या सुरू होईपर्यंत आणि शेवटचा पदर मोकळा पडायला २० धरा. उजवीकडे १५२.

एकूण १२० अधिक १३० अधिक १५२, म्हणजे ४०२ सेंटीमीटर. पण ही धुतल्यानंतरची गरज आहे. सुती धोतर पहिल्या धुण्यात शंभराला चारपर्यंत आटेल असं धरून ४०२ ला ०.९६ ने भागलं की जवळजवळ ४१९ येतात. म्हणून चार मीटरचं धोतर या माणसाला पहिले दोन दिवस पुरेल आणि धुतल्यावर पुरणार नाही. त्याने साडेचार मीटरचं घ्यावं. ते आटून ४३२ राहील आणि उरलेल्या ३० मध्ये एक निरी जास्त पडेल.

हे आकडे चिकटून बसण्यासाठी नाहीत. कुणी निरी रुंद घालतो, कुणाची गाठ छोटी असते. घरातल्या जुन्या धोतरावर किंवा चादरीवर एकदा बांधून बघा आणि स्वतःचे आकडे लिहून ठेवा.

प्रश्न : धोतर लांबीला पुरेसं आहे, तरी काष्टा अपुरा पडतो. का?

बहुतेक वेळा कापडाचा मध्य चुकीच्या जागी आलेला असतो. काही जण तो बरोबर पाठीच्या कण्यावर ठेवतात. दोन्हीकडे सारखं कापड आलं की नेटकं वाटतं खरं, पण दोन्ही बाजूंचं काम सारखं नाही. वरच्या उदाहरणात आटल्यानंतर ४३२ सेंटीमीटर कापड आहे. काष्ट्याला १३० ठेवले तर निऱ्यांकडे १८२ उरतात. हे साधायचं तर कापडाचा मध्य कण्यापासून २६ सेंटीमीटर निऱ्यांच्या बाजूला हवा, म्हणजे वीतभर उजवीकडे.

मध्य कण्यावरच ठेवला, तर काष्ट्याकडे १३० ऐवजी १५६ येतात. मग काष्टा अपुरा नाही, उलट भोंगळ होतो आणि मागे शेपटासारखा लोंबतो. काष्टा अपुरा पडत असेल तर मध्य वीतभरापेक्षा जास्त सरकलेला असतो, किंवा गाठ मारताना काष्ट्याकडचं टोक जास्त ओढून गाठीत वापरलं गेलेलं असतं. गाठ मारण्याआधी काष्ट्याचं टोक एकदा पायांमधून मागे नेऊन कमरेला टेकतं का ते बघा, नंतर गाठ बांधा. काहींच्या घरी डावं-उजवं उलट असतं. त्यांनी हे उलट करून वाचावं.

प्रश्न : उभं असताना ठीक असतं, पंगतीत मांडी घालून उठलं की काष्टा सुटतो.

ते ४० सेंटीमीटर सैल ठेवलेले नाहीत. मांडी घातली की गुडघे बाहेर जातात, कापड ताणलं जातं आणि सगळ्यात सैल जागा सापडते ती मागची खोच. परीक्षा सोपी आहे. धोतर नेसून जमिनीवर मांडी घाला, पुढे वाकून पाण्याचा तांब्या उचला, उठा आणि मागे हात लावा. खोच दोन बोटं सरकली असेल तर चालेल. त्याहून जास्त सरकली असेल तर निऱ्यांमधलं कापड काष्ट्याकडे घ्या, एक निरी कमी करा.

खोच सरकत नाही आणि कापड मागच्या बाजूला तडतडतं, असं झालं तर ते जास्त वाईट. पातळ धोतर अशा वेळी बसल्या जागी मागे आडवं फाटतं. रफू करून तिथे उपयोग होत नाही, कारण ताण पुन्हा तिथेच येतो.

प्रश्न : पोट सुटलं आहे. कमरेला चार इंच वाढले तर धोतरही चार इंच लांब घेऊ का?

नाही, आठ इंच घ्या. फेरा वाढतो तसं काष्ट्याचं मापही वाढतं, कारण तेच पोट आणि त्याच मांड्या त्या वाटेतही येतात. वरच्याच हिशोबात घेर ९६ ऐवजी ११२ घ्या. काष्ट्याचं माप ८० वरून ९५ च्या आसपास जातं. फेरा ११२, गाठ २४, काष्टा १४५ आणि निऱ्या पूर्वीच्याच १५२, असे ४३३. आटण धरून ४५१. घेरात १६ वाढले आणि धोतरात ३२.

म्हणजे साडेचार मीटरचं धोतर इथे काठावर आहे. ते घेतलं तर निऱ्या सहाच्या पाच कराव्या लागतील, आणि पोट मोठं असलेल्या माणसाला निऱ्या कमी असल्या की पुढचा भाग चपटा, ताणलेला दिसतो. अशांनी पाच मीटरचं मागावं.

प्रश्न : आमच्याकडे पाच वार म्हणतात, पाकिटावर मीटर असतात. एकच ना?

एक नाही. वार म्हणजे ३६ इंच, ९१.४ सेंटीमीटर. पाच वार म्हणजे ४.५७ मीटर. पाच मीटरपेक्षा ते ४३ सेंटीमीटर कमी, म्हणजे जवळजवळ दोन निऱ्या. दुकानात बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, म्हणून पाकिटावर छापलेली लांबी आणि पन्हा वाचा आणि शंका असेल तर घडी उघडून टेपने मोजायला सांगा. पानजोडी, म्हणजे दोन धोतरांची जोडी, घेत असाल तर छापलेली लांबी एका पानाची आहे की जोडीची, हेही विचारा.

प्रश्न : पन्हा किती हवा?

बेंबी ते घोटा या मापात काष्ट्याच्या धोतरासाठी १५ सेंटीमीटर मिळवा. त्यातले पाच वरच्या काठाला दुमडून खोचण्यात जातात. काष्टा मागे ओढल्यावर खालचा काठ उचलला जातो, त्याला सात. उरलेले तीन रुंदीत आटण्यासाठी. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं बेंबी ते घोटा ९५ भरलं तर ११० पन्हा हवा, म्हणून ४४ इंची, ११२ सेंटीमीटरचं धोतर त्याला नीट होतं. सहा फुटी माणसाचं हेच माप १०३ च्या जवळ असतं. त्याला ११८ लागतात आणि ४४ इंची धोतरात त्याची नडगी दिसते. त्याने ५० इंची, १२७ सेंटीमीटर पन्हा बघावा.

पन्हा जास्त झाला तर फारसं बिघडत नाही. वरचा काठ आत दुमडून दहा सेंटीमीटरपर्यंत उंची कमी करता येते. त्यापेक्षा जास्त दुमडलं की कमरेला वळकटी होते, गाठ तिच्यावर बसते आणि तासाभरात सैल पडते. कमी पन्ह्याला मात्र उपाय नाही. काठ दोन्ही बाजूंना असल्यामुळे जोड लावला की तो दिसतोच. काही जण धोतर बेंबीखाली चार बोटं बांधून पायात लांबी मिळवतात, पण मग ते कमरेच्या हाडावर टिकत नाही, सारखं ओढावं लागतं.

प्रश्न : नवं धोतर नेसायच्या आधी धुवावं का?

सुती असेल तर हो. दुकानातल्या कडक घडीत खळ असते. ती निघाली की कापड मऊ होतं, त्यातला ताण सुटतो आणि ते लांबीत आटतं. एक रात्र साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा आणि मग मोजा. लग्नाच्या दिवशी कडक हवं म्हणून न धुता नेसायचं असेल, तर काठावरच्या लांबीचं घेऊ नका, कारण पुढच्या सणाला तेच धोतर १५-१८ सेंटीमीटरने कमी असेल.

खळ असलेल्या कापडात आणखी एक गडबड होते. निऱ्या ताठ उभ्या राहतात म्हणून खालचा काठ वर वाटतो. धुतल्यावर त्या पडतात आणि सोगा घोट्याखाली येतो. पन्हा ठरवताना यासाठी धुतलेल्या कापडावरच विश्वास ठेवा.

प्रश्न : वारीत चालायला आणि शेतात वेगळं धोतर लागतं का?

धोतर तेच, बांधणी वेगळी, म्हणून मापही वेगळं. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने पालखीबरोबर चालणाऱ्याला घोट्यापर्यंत सोगा चालत नाही. चिखल आणि पाणी लागलं की सुती काठ जड होतो आणि पायाला घासतो. पाटण-जावळीच्या पावसात शेतात उतरणाऱ्याचंही तेच. अशी बांधणी गुडघ्याखाली वीतभर संपते, निऱ्या तीन-चारच घालतात किंवा दुसरं टोकही मागे खोचतात.

दोन्ही टोकं मागे जात असतील तर १५२ च्या जागीही १३० धरा. आपल्या माणसाचं एकूण ३८० होतं, आटणीसह ३९६. इथे चार मीटर पुरतात, आणि पन्हा ९०-१०० सेंटीमीटर असला तरी भागतं. लांब धोतर घेऊन वर खोचत बसण्यापेक्षा हे बरं, कारण कमरेला जमलेलं जास्तीचं कापड घामाने भिजतं आणि काच पडतो.

प्रश्न : लुंगीला हाच हिशोब लावायचा का?

नाही. लुंगीला काष्टा नाही, त्यामुळे तिथे पोटाचा घेर नाही, बसण्याच्या जागेचा म्हणजे कुल्ल्यांचा सगळ्यात मोठा घेर महत्त्वाचा. कमरेवर लुंगी घट्ट बसली तरी चालताना ती उघडते मांड्यांपाशी.

उघडी लुंगी म्हणजे एक सपाट तुकडा, बहुतेक दोन मीटरचा. एका फेऱ्यानंतर वरून आणखी निम्म्याहून थोडा जास्त फेरा आला तर चालताना पाय दिसत नाही. त्यासाठी कुल्ल्यांच्या घेराला १.६ ने गुणा आणि खोचण्यासाठी २० मिळवा. घेर १०० असेल तर १८० लागतात, दोन मीटरची लुंगी आटूनही पुरते. घेर १२० असेल तर २१२ लागतात आणि दोन मीटरवाली मोटारसायकलवर पाय टाकताना दगा देते. अशांनी सव्वादोन मीटर शोधावी किंवा शिवलेली घ्यावी.

शिवलेली लुंगी म्हणजे दोन्ही टोकं जोडून केलेली नळी. तीत उघडण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून जाड माणसालाही दोन मीटर भरपूर होतात. शिवणीत तीन-चार सेंटीमीटर गेले तरी १२० घेराच्या माणसाला ७६ जास्तीचे राहतात, ते पुढे एका बाजूला दुमडून खोचायचे. शिवण नेहमी मागे किंवा बाजूला ठेवा. पुढे आली तर दुमड जाड होते आणि खोच धरत नाही.

लुंगीचा पन्हा बेंबी ते घोटा अधिक दहा इतका बघा. वरचा काठ दोनदा गुंडाळायची सवय असेल तर पंधरा. गुडघ्यापर्यंत दुमडून वर खोचायची असेल तर मोठा पन्हा त्रास देतो. दुप्पट झालेलं कापड मांडीवर जड पडतं.

प्रश्न : मुंजीतल्या बटूसाठी काय घ्यावं? दुकानात वयावर देतात.

वयावर घेऊ नका. आठ वर्षांची दोन मुलं उंचीने वीतभर वेगळी असतात. तीच तीन मापं घ्या, फक्त सगळं लहान धरा. घेर ५८, काष्ट्याचं माप ५८ असलेल्या मुलाला फेरा ५८, गाठ २०, काष्ट्याला ९३ आणि आठ सेंटीमीटरच्या पाच निऱ्यांना पदर धरून ९५ लागतात. एकूण २६६, म्हणून पावणेतीन मीटर. आधी धुवून घेतलेलं असेल तर हे बरोबर बसतं, नाहीतर तीन मीटर घ्या. बेंबी ते घोटा ६८ असेल तर पन्हा ८० हवा. ९० पन्ह्याचं कापड मिळालं तर वर दहा दुमडा. मोठ्यांचं ११२ पन्ह्याचं धोतर दुमडून नेसवलं की मूल होमाजवळ अडखळतं, आणि तिथे सोगा लोंबणं धोक्याचं आहे.

लहान मुलाच्या कमरेला गाठ धरत नाही, कारण हाड बाहेर नसतं. करगोट्यात खोचा किंवा वरून सुती नाडी बांधा.

प्रश्न : रेशमी सोवळ्याचं माप वेगळं आहे का?

आटणीचा हिशोब सोडून द्या, पण गाठीला २४ ऐवजी ३५ धरा. रेशीम घसरतं, एका गाठीवर राहत नाही. निऱ्या पातळ बसत असल्यामुळे त्याच लांबीत एखादी जास्त घालता येते. सुती धोतराला साडेचार मीटर लागणाऱ्याला सोवळंही साडेचारच पुरतं.

प्रश्न : शिवलेलं धोतर घ्यायचं तर?

त्यात निऱ्या आणि काष्टा आधीच शिवलेले असतात, म्हणून छापलेलं कमरेचं माप बेंबीवर जुळतं का हे बघा आणि दुकानातच मांडी घालून बसा. काष्ट्याचं माप त्यात बदलता येत नाही, आणि पाकिटावर ते कुठे लिहिलेलंही नसतं. मागे ओढ बसली तर इलॅस्टिक कितीही ताणलं तरी कमरेत सैल आणि मागे घट्ट असंच राहील. एक माप मोठं घेऊन कमरेत टिपून घेणं त्यापेक्षा सोपं.